पूल कोसळतो तेव्हा: बातमीतील तीन आवाज

१ ऑगस्ट २००७ रोजी संध्याकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात मिसिसिपी नदीवरील आय-३५ डब्ल्यू महामार्गाचा पूल काही क्षणांत नदीत कोसळला. कार्यालये सुटण्याची वेळ होती. कोसळलेल्या भागावर १११ वाहने होती. १३ जण मृत्युमुखी पडले आणि १४५ जण जखमी झाले. त्या पुलावरून रोज ये-जा करणाऱ्यांत आपल्यापैकीही अनेक जण असतील.

ही घटना आता जुनी झाली आहे आणि तिचे कारणही ठरले आहे. म्हणूनच ती अभ्यासायला सोयीची आहे. पहिल्या रात्री काय सांगितले गेले, पहिल्या आठवड्यात कोणते तर्क पुढे आले, पाच महिन्यांनी चौकशी यंत्रणा काय म्हणाली आणि पंधरा महिन्यांनी काय सिद्ध झाले, हे सारे एका ओळीत मांडून पाहता येते. तसे पाहिल्यावर लक्षात येते की त्या काळात छापून आलेली बहुतेक विधाने खोटी नव्हती. चूक वेगळीच होती. खरी असलेली माहिती कारणाच्या जागी नेऊन बसवली गेली होती. पूल कोसळल्याची बातमी लिहिणाऱ्याने आणि वाचणाऱ्याने सर्वाधिक सावध राहायचे ते याच ठिकाणी.

अशा बातमीत तीन आवाज एकमेकांत मिसळलेले असतात. पहिला अभियंत्यांचा, दुसरा अधिकृत चौकशीचा आणि तिसरा निव्वळ तर्काचा. तिघांनाही बातमीत जागा असू शकते, परंतु ती एकच जागा नव्हे.

पहिली रात्र

त्या रात्री निश्चितपणे सांगता येण्याजोगे फार थोडे होते. पुलाच्या आठपैकी चार मार्गिका दुरुस्तीसाठी बंद होत्या, पृष्ठभागावर काँक्रीटचा नवा थर टाकण्याची तयारी चालू होती, आणि पूल १९६७ पासून वापरात होता. दहशतवादी कृत्याचे कोणतेही चिन्ह नसल्याचे केंद्रीय गृहसुरक्षा खात्याने त्याच संध्याकाळी सांगितले. मृतांचा आकडा रात्री सात सांगितला गेला, दुसऱ्या दिवशी तो चारवर आला आणि नदीतील शोध संपल्यावर तेरावर स्थिरावला.

हा आकड्यांचा प्रवास लक्षात ठेवावा असा आहे. सात हा आकडा देणारे अधिकारी खोटे बोलत नव्हते. गोंधळात एकाच व्यक्तीची नोंद दोनदा होते आणि बेपत्ता व्यक्ती मृतांत धरली जाते. म्हणून आकडा नेहमी देणाऱ्याच्या नावासह आणि वेळेसह लिहावा. ‘सात जण ठार’ ही बातमी दुसऱ्या दिवशी चुकीची ठरते. ‘रात्री दहापर्यंत सात मृत्यूंची माहिती अग्निशमन दलाने दिली’ असे वाक्य मात्र नंतरही खरेच राहते, कारण ते आकड्याविषयी जितके माहीत आहे तितकेच सांगते.

कारणाविषयी त्या रात्री कोणालाच काही माहीत नव्हते आणि माहीत असणे शक्यही नव्हते. ढिगारा पाण्यात होता, शोधकार्य सुरू होते आणि एकही पोलादी तुकडा कोणी बारकाईने पाहिलेला नव्हता.

‘मुळे’ आणि ‘असताना’

इथे मराठीचा एक स्वतःचा धोका आहे. ‘दुरुस्तीच्या कामामुळे पूल कोसळला’ आणि ‘दुरुस्तीचे काम सुरू असताना पूल कोसळला’ या दोन वाक्यांत फरक एका प्रत्ययाचा आहे. पहिले वाक्य कारण सांगते, दुसरे केवळ काळ सांगते. घाईत लिहिणारा पत्रकार ‘मुळे’ सहज वापरतो, आणि वाचकाच्या मनात चौकशी तिथेच पूर्ण होते. पहिल्या रात्रीच्या बातमीत ‘मुळे’ हा प्रत्यय जिथे जिथे आला असेल, तिथे थांबून विचारावे: हे कोणी सांगितले आणि कशाच्या आधारे? उत्तर नसेल तर ‘असताना’ किंवा ‘नंतर’ पुरेसे आहे.

दुसरा धोका कर्त्याविना येणाऱ्या क्रियापदांचा. ‘प्राथमिक अंदाज आहे’, ‘असल्याचे समजते’, ‘असे बोलले जाते’ या शब्दप्रयोगांत अंदाज कोणाचा, समजले कोणाला आणि बोलले कोण, हे तिन्ही गळून पडते. ‘प्राथमिक’ हा शब्द तर विशेष फसवा आहे, कारण त्यातून एखाद्या यंत्रणेने प्राथमिक तपास केल्याचा भास होतो. प्रत्यक्षात तो अंदाज पुलाजवळ उभ्या असलेल्या एखाद्या दुकानदाराचा असू शकतो.

तिसरा धोका विशेषणांचा. ‘जीर्ण’, ‘ब्रिटिशकालीन’, ‘निकृष्ट’ ही विशेषणे पहिल्या वाक्यात ठेवली की पुढे ‘मुळे’ लिहावेच लागत नाही. विशेषणच कारणाचे काम करते.

पहिला आठवडा: खरी माहिती, चुकीची जागा

मिनियापोलिसमध्ये पहिल्या काही दिवसांत वृत्तपत्रांच्या हाती पुलाची जुनी कागदपत्रे लागली आणि त्यांतून एक ठळक गोष्ट पुढे आली. १९९१ पासून या पुलाची सरकारी नोंद ‘संरचनात्मकदृष्ट्या उणा’ अशी होती. बातम्यांच्या मथळ्यांत हे शब्द झळकले, आणि वाचकाने सहज अर्थ लावला: पूल धोकादायक होता, सरकारला ते माहीत होते आणि म्हणून तो पडला.

नोंद खरी होती. परंतु तिचा अर्थ काय? पुलाचा पृष्ठभाग, वरचा सांगाडा आणि पायाकडचा भाग यांना अमेरिकेत तपासणीत शून्य ते नऊ असे गुण देतात. त्यांपैकी एकालाही चार किंवा त्याहून कमी गुण मिळाले की पूल या वर्गात जातो. या पुलाच्या वरच्या सांगाड्याला चार गुण होते. त्या वेळी अमेरिकेत या वर्गात ७० हजारांहून अधिक पूल होते. हा शेरा देखभालीसाठी निधी वाटताना आणि प्राधान्य ठरवताना उपयोगी पडतो, पूल आता पडेल असे भाकीत तो करत नाही. शेरा हेच कारण मानले तर उरलेले हजारो पूल उभे का, याचे उत्तर द्यावे लागते.

त्याच कागदपत्रांत आणखी तीन गोष्टी होत्या. काही सांध्यांवर गंज चढलेला होता. पुलाच्या जोडरस्त्यांकडील भागांत पूर्वी तडे सापडले होते. वारंवार पडणाऱ्या भाराने पोलादाला तडे जाण्याची प्रक्रिया, जिला अभियंते ‘फटीग’ म्हणतात, तिची काळजी अनेक वर्षे वाहिली जात होती. मिनेसोटा विद्यापीठाच्या २००१ च्या अभ्यासात मुख्य सांगाड्यात असे तडे जाण्याची शक्यता कमी असल्याचे म्हटले होते. तरीही पुढे सांगाड्याला जादा पोलादी पट्ट्या जोडण्याचा विचार झाला आणि त्याऐवजी अधिक काटेकोर तपासणीचा मार्ग निवडला गेला.

ही साखळी वाचणाऱ्या कोणालाही वाटावे की कोडे सुटले: तडे होते, मजबुतीकरण टाळले, पूल पडला. चौकशीच्या अखेरीस मात्र यांपैकी एकही गोष्ट पूल कोसळण्याचे मूळ कारण ठरली नाही. वृत्तपत्रांनी ही कागदपत्रे छापायला नको होती, असा याचा अर्थ नव्हे. ती छापणे आवश्यकच होते. पण त्यांसोबत एक वाक्य हवे होते: ‘राज्याच्या वाहतूक विभागाची चिंता फटीगविषयी होती, पण पूल फटीगमुळे पडला का, हे अद्याप तपासले जात आहे.’ या एका वाक्याने खरी माहिती तिच्या खऱ्या जागी राहते.

अभियंत्याचे मत: त्याने काय पाहिले आहे?

त्या आठवड्यात दूरचित्रवाणीवर अनेक अभियंते आले. त्यांनी सांगितलेला एक मुद्दा महत्त्वाचा होता आणि पूर्ण खराही होता. हा पूल अशा रचनेचा होता की मुख्य सांगाड्यातील एक अवयव निकामी झाला तर त्याचा भार पेलायला दुसरा नव्हता. पूल इतक्या वेगाने आणि इतका संपूर्ण का कोसळला, हे यातून कळते. सुरुवात कोणत्या अवयवापासून झाली, हे मात्र कळत नाही. तत्त्व सांगणाऱ्या अभियंत्याचे मोल मोठे आहे, परंतु ते त्या तत्त्वापुरते.

म्हणून अभियंत्याचे मत छापण्यापूर्वी त्याला पदवी आणि अनुभव विचारण्याइतकेच महत्त्वाचे आहे हे विचारणे, की आपण नेमके काय पाहिले आहे? केवळ चित्रफीत, की मूळ आराखडे? ढिगारा प्रत्यक्ष पाहिला, की छायाचित्रांत? काही आकडेमोड केली का? आणि शेवटचा प्रश्न: काय सापडले तर आपण आपले मत बदलाल? या शेवटच्या प्रश्नाचे नेमके उत्तर देणारा अभियंता सहसा विश्वासार्ह असतो. सांगाड्याचा अमुक अवयव अखंड सापडला तर माझा तर्क मागे घेईन, असे म्हणणाऱ्याने आपल्या मताची कसोटी स्वतःच सांगितलेली असते.

आपले अनेक वाचक स्वतः अभियंते आहेत. पूल पडल्यावर त्यांच्याकडे मित्रमंडळी मत विचारतात आणि ते मत पुढे पाठवले जाता जाता ‘तज्ज्ञांचा निष्कर्ष’ होऊन बसते. मत देताना ‘मी फक्त चित्रफीत पाहिली आहे’ हे पाच शब्द जोडले, तर ते पुढे पाठवणाऱ्यालाही काढून टाकणे अवघड जाते.

अभियंत्यांचा आणखी एक प्रकार नंतरच्या काळात दिसतो. तो म्हणजे एखाद्या पक्षकाराने नेमलेला अभियंता. मिनियापोलिसमध्ये राज्याच्या वाहतूक विभागाने स्वतःचे सल्लागार नेमले. पीडितांच्या वकिलांनी नेमलेल्या अभियंत्यांनी जाम झालेल्या बेअरिंगांकडे बोट दाखवून वेगळी मांडणी केली. पक्षकाराने पैसे दिले म्हणून मत खोटे ठरत नाही. असे अभियंते अनेकदा सर्वांत सखोल आकडेमोड करतात. पण त्यांना कोणी नेमले, हे त्यांच्या नावासोबत त्याच वाक्यात यायला हवे, चार परिच्छेद खाली नव्हे.

अधिकृत चौकशी: पायरी कोणती?

या अपघाताची तांत्रिक चौकशी राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने केली. ‘मंडळाने म्हटले आहे’ असे एकच वाक्य पंधरा महिन्यांत वेगवेगळ्या वेळी छापता आले असते, आणि प्रत्येक वेळी त्याचे वजन वेगळे असते.

पहिल्या दिवसांत मंडळाने केवळ निरीक्षणे सांगितली. जवळच्या जलपाशावरील सुरक्षा कॅमेऱ्यात पूल पडतानाचे चित्रण मिळाले होते आणि दक्षिणेकडील भाग पूर्वेला सुमारे ५० फूट सरकलेला आढळला होता. हे कारण नव्हते. पुढचा शोध कुठे करायचा, याची ती खूण होती.

८ ऑगस्टला, म्हणजे अवघ्या आठवड्याभरात, मंडळाने सांगितले की एका सांध्यावरील गसेट प्लेटच्या रचनेत काहीतरी शंकास्पद दिसत आहे. सांगाड्याचे तिरपे, उभे आणि आडवे पोलादी अवयव जिथे एकत्र येतात, तिथे दोन्ही बाजूंनी पोलादी पत्रे लावून ते रिव्हेटांनी जोडलेले असतात. त्या पत्र्यांना गसेट प्लेट म्हणतात. त्याच दिवशी केंद्रीय महामार्ग प्रशासनाने सर्व राज्यांना सूचना दिली की, काम चालू असलेल्या पुलांवर किती सामान रचले जाते ते तपासा. अशी सूचना खबरदारीची असते. ‘सामानाच्या भारामुळे पूल पडल्याचे केंद्राकडून मान्य’ असा मथळा तिच्यावरून देता येत नाही.

१५ जानेवारी २००८ रोजी मंडळाने अंतरिम शिफारस जाहीर केली. त्यांनी सांध्यांना दिलेल्या क्रमांकांनुसार यू-४, यू-१० आणि एल-११ येथील गसेट प्लेट अपुऱ्या असल्याचे आढळले होते. काहींची जाडी एक इंच असायला हवी होती, ती अर्धा इंच होती. आता ही तज्ज्ञाची अटकळ राहिली नव्हती. मूळ आराखडे आणि आकडेमोड यांवर आधारलेला तो निष्कर्ष होता. तरीही तो ‘पत्रे अपुरे होते’ एवढाच होता. ‘म्हणून पूल पडला’ हे सिद्ध व्हायचे होते. मंडळाचे अध्यक्ष मार्क रोझेन्कर यांनी त्या वेळी केलेल्या वक्तव्यांतून देखभाल जणू दोषमुक्त झाल्याचे चित्र उभे राहिले, तेव्हा प्रतिनिधीगृहाच्या वाहतूक समितीचे अध्यक्ष जेम्स ओबरस्टार यांनी त्यांना जाहीरपणे फटकारले. चौकशी यंत्रणेचा प्रमुखही आपल्या यंत्रणेच्या पुढे बोलू शकतो. अध्यक्षाचे वाक्य आणि मंडळाचा ठराव या दोन वेगळ्या गोष्टी म्हणूनच लिहाव्या लागतात.

अंतिम निष्कर्ष १४ नोव्हेंबर २००८ रोजी स्वीकारला गेला. दक्षिणेकडील यू-१० सांध्याच्या गसेट प्लेट मूळ आरेखनातील चुकीमुळे निम्म्याच क्षमतेच्या होत्या. पुलाचे आरेखन करणाऱ्या स्व्हरड्रप अँड पार्सेल या कंपनीच्या कागदांत या मुख्य पत्र्यांची आकडेमोड सापडली नाही, आणि संघराज्य व राज्य या दोन्ही पातळ्यांवरील छाननीत ती चूक सुटली. नंतरच्या वर्षांत पृष्ठभागावर सरासरी दोन इंचांचा काँक्रीट थर चढला, पुढे जड कठडे आले, त्यामुळे पुलाचे स्वतःचेच वजन वाढले. घटनेच्या दिवशी यू-१० च्या आसपासच्या भागावर दुरुस्तीसाठी आणलेली वाळू, खडी आणि यंत्रे अशी एकूण सुमारे २६० टनांची भर होती. या साऱ्याखाली ते पत्रे निकामी झाले.

गंज? तो प्रामुख्याने एल-११ या दुसऱ्या सांध्यावर होता, आणि पूल तिथून कोसळायला सुरुवात झाली नाही, असे मंडळाने ठरवले. जुने तडे, तापमान, खांब सरकणे या शक्यताही तपासून बाजूला ठेवल्या गेल्या. एक अस्वस्थ करणारी गोष्ट मात्र उजेडात आली. १९९९ आणि २००३ मध्ये काढलेल्या छायाचित्रांत यू-१० चे पत्रे वाकलेले दिसत होते. तपासणीत गसेट प्लेटच्या वाकण्याकडे लक्ष न देण्याची आणि भारक्षमता मोजताना त्या वगळण्याची सर्वत्र रूढ असलेली पद्धत हे मंडळाने साहाय्यक कारण म्हणून नोंदवले. म्हणजे ‘तपासणीत त्रुटी होती’ ही लोकांची भावना अगदी निराधार नव्हती. पण त्रुटी बातम्या दाखवत होत्या त्या ठिकाणी नव्हती.

आणि सामानाचा भार? पहिल्या रात्री ‘कामामुळे पूल पडला’ असे लिहिणारा पत्रकार आता म्हणू शकेल की मी बरोबर होतो. तो अर्धाच बरोबर होता. पत्रे योग्य जाडीचे असते तर त्यांनी तो भारही सुरक्षितपणे पेलला असता, असे मंडळाने स्पष्ट केले. शिवाय पहिल्या रात्री त्याच्याजवळ आधार नव्हता. अंदाज नंतर जुळला म्हणून त्या रात्री ती बातमी ठरत नाही.

कारण आणि दोष

अंतिम अहवालानंतरही एक भेद उरतो. या मंडळाचे काम ‘संभाव्य कारण’ ठरवून पुढील अपघात टाळण्याचे आहे, कोणाला दोषी ठरवण्याचे नाही. अमेरिकेच्या कायद्यानुसार मंडळाचा अहवाल नुकसानभरपाईच्या दिवाणी दाव्यात पुरावा म्हणून दाखल करता येत नाही. २०१० मध्ये पुलाची पाहणी करणाऱ्या सल्लागार कंपनीने पीडितांसोबत ५ कोटी २४ लाख डॉलरची तडजोड केली, ती दोष मान्य न करता. ‘कंपनी दोषी, ५ कोटी डॉलर भरणार’ हा मथळा आकर्षक असतो आणि चुकीचाही. तडजोड हा निर्णय नसतो.

मराठीत ‘चौकशी’ हा एकच शब्द अनेक प्रक्रियांसाठी वापरला जातो, म्हणून आपल्याकडे हा गोंधळ अधिक होतो. पोलिसांचा तपास गुन्हा घडला का ते पाहतो. विभागीय चौकशी कर्मचाऱ्याने नियम पाळले का ते पाहते. न्यायालयीन आयोग सरकारला अहवाल देतो. तांत्रिक समिती पोलाद आणि दगड तपासते. गुन्हा दाखल होणे म्हणजे आरोप, अटक म्हणजे तपासाची पायरी, निलंबन म्हणजे प्रशासकीय कारवाई. यांपैकी कशातूनही पूल का पडला, याचे उत्तर मिळत नाही. बातमीत ‘चौकशी’ लिहिताना तिच्याआधी एक शब्द हवा: कोणती?

महाडची रात्र

मिनियापोलिसला नऊ वर्षे झाली असताना, २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री, मुंबई-गोवा महामार्गावर महाडजवळ सावित्री नदीवरील जुना पूल पुरात वाहून गेला. एसटीच्या दोन बस आणि इतर वाहने प्रवाहात गेली. परदेशात राहणाऱ्या कोकणातील कितीतरी कुटुंबांनी ती रात्र दूरध्वनीवर काढली.

इथे पुराव्याची स्थिती पूर्णपणे वेगळी होती. मिनियापोलिसला दिवसाउजेडी चित्रण मिळाले, ढिगारा जागेवर होता, आराखडे उपलब्ध होते. सावित्रीवर रात्र होती, मुसळधार पाऊस होता, आणि जो पुरावा तपासायचा तोच पुराने दूर नेला होता. अशा ठिकाणी ठाम निष्कर्ष काढण्याआधी अधिक थांबायला हवे होते. घडले उलटे. ‘ब्रिटिशकालीन पूल कोसळला’ हा मथळा सर्वत्र आला, आणि एका विशेषणाने कारण ठरून गेले.

पूल ब्रिटिशकालीन होता, हे खरे. शेजारचा नवा पूल उभा राहिला, हेही खरे. परंतु वय हे कारण नसते. वयामुळे नेमके काय झाले, हे कारण असते: पायाखालची माती वाहून गेली का, दगडी सांध्यांतला चुना झिजला का, पात्रातील बदलांमुळे प्रवाहाचा जोर एकाच खांबावर आला का? यांतला प्रत्येक प्रश्न वेगवेगळ्या जबाबदारीकडे नेतो. ‘जुना होता म्हणून पडला’ हे उत्तर कोणाकडेच नेत नाही. त्याच वर्षी मे महिन्यात या पुलाची तपासणी होऊन तो वाहतुकीस योग्य ठरवला गेला होता, असे सरकारने सांगितले. म्हणून विचारायचा प्रश्न असा होता की त्या तपासणीत पाण्याखालचा पाया पाहिला गेला का? मिनियापोलिसमध्येही तपासण्या झाल्या होत्या. त्या जे पाहत नव्हत्या, तिथेच दोष होता.

सरकारने न्यायालयीन चौकशी जाहीर केली. अमेरिकेतील मंडळासारखी रस्त्यांवरील पुलांच्या अपघातांसाठी कायमस्वरूपी, स्वतंत्र तांत्रिक यंत्रणा भारतात नाही. प्रत्येक दुर्घटनेनंतर नवी समिती किंवा आयोग नेमला जातो. त्यामुळे बातमी देणाऱ्याचे काम वाढते. समितीत कोण आहे, त्यात पूल बांधणाऱ्या किंवा सांभाळणाऱ्या विभागाचेच अधिकारी आहेत का, कार्यकक्षेत कारण शोधणे आहे की केवळ जबाबदारी निश्चित करणे, मुदत किती आणि अहवाल जाहीर होणार का, या गोष्टी घोषणेच्या दिवशीच विचारून ठेवाव्या लागतात. सहा महिन्यांनी त्या विचारायला कोणी उरत नाही.

एक परिच्छेद, दोनदा लिहिलेला

पहिल्या रात्री सहज लिहिला जाणारा परिच्छेद असा असतो: ‘निकृष्ट देखभालीमुळे ४० वर्षे जुना पूल कोसळून सात जण ठार झाले. पुलावर तडे असल्याचे प्रशासनाला आधीच माहीत होते. दुरुस्तीच्या कामाने पूल कमकुवत झाल्याचा प्राथमिक अंदाज आहे.’ यात चार विधाने आहेत आणि एकाचाही आधार सांगितलेला नाही.

तोच परिच्छेद असा लिहिता येतो: ‘दुरुस्तीचे काम सुरू असताना मिसिसिपी नदीवरील पूल कोसळला. रात्री दहापर्यंत सात मृत्यूंची माहिती अग्निशमन दलाने दिली. राज्याच्या नोंदींत पुलाच्या काही भागांतील तडे आणि गंज यांचा उल्लेख आहे. त्यांचा या घटनेशी संबंध आहे का, हे स्पष्ट नाही. कारणाचा तांत्रिक शोध राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळ घेणार आहे. ही रचना एक अवयव निकामी होताच पूर्ण कोसळू शकते, असे आराखडा न पाहिलेल्या एका अभियंत्याने सांगितले.’

दुसरा परिच्छेद थोडा लांब आहे. पण पंधरा महिन्यांनी त्यातले एकही वाक्य मागे घ्यावे लागत नाही. तर्काला त्यात जागा मिळाली नाही, कारण त्याला नाव, आधार आणि कसोटी नव्हती. लोकांत एखादा तर्क इतका पसरला असेल की त्याच्याकडे दुर्लक्ष करता येत नाही, तर तो पसरला आहे एवढीच बातमी द्यावी, आणि तो तपासला गेला आहे की नाही हे त्याच वाक्यात सांगावे.

संकेतस्थळावर बातमी शिळी होत नाही, हे आणखी एक कर्तव्य. पहिल्या रात्रीचा मजकूर दहा वर्षांनीही शोधात सापडतो आणि वाचणाऱ्याला तो आजचा वाटतो. म्हणून अंतरिम शिफारस आली किंवा अंतिम अहवाल आला की जुन्या बातमीच्या माथ्यावर तारखेसह एक ओळ जोडावी: ‘या घटनेचा अंतिम अहवाल १४ नोव्हेंबर २००८ रोजी स्वीकारण्यात आला, त्यात कारण वेगळे नोंदले आहे.’ मूळ मजकूर पुसू नये, कारण त्या रात्री काय माहीत होते याचीही ती नोंद आहे.

मिनियापोलिसच्या पुलातील चूक कागदावर रेखाटली गेली, तेव्हापासून तो पडेपर्यंत चाळीसहून अधिक वर्षे गेली. इतकी वर्षे ती आराखड्यात उघड पडून होती, आणि शेवटच्या काही वर्षांत छायाचित्रांतही दिसत होती. ती सापडली, कारण कोणीतरी पहिल्या आठवड्यातील सोप्या उत्तरांवर न थांबता प्रत्येक सांध्याची जाडी मोजली. ज्यांची माणसे त्या संध्याकाळी घरी परतली नाहीत, त्यांना कारण हवे होते, आणि ते खरे हवे होते.